कायले येऊन राहिली?



संक्रांत होऊन गेली, तिळगूळ वाटून झाला आणि 'गोड बोला' असंही सगळ्यांना सांगून झालं. या वर्षी आमच्या घरी मात्र त्याच दिवशी माझ्या एका वाक्यानं कडू झालं. वाक्य मी मायेनं लिहिलं होतं, पण वाचणारीला ते रागाचं वाटलं. ते कसं घडलं आणि मी खुलासा करायला गेले तेव्हा आणखी कसं बिघडलं, हे सांगावं म्हणून लिहिते आहे. घरच्यांच्या ग्रुपवर आपण सगळेच रोज काही ना काही लिहितो, तेव्हा हा अनुभव तुमच्याही कामी येईल.

आधी घराची ओळख करून देते. माझं माहेर पांढरकवड्याचं. लग्न होऊन पैनगंगा ओलांडली आणि आदिलाबादची झाले. नदी राज्याची सीमा आहे, पण भाषेची नाही. अलीकडे यवतमाळ जिल्ह्यात जी बोली ऐकत वाढले, तीच थोड्या वेगळ्या चालीनं पलीकडेही ऐकू आली. 'मला' ऐवजी 'मले', 'कशाला' ऐवजी 'कायले', 'का' ऐवजी 'काऊन'. त्यात बाजारात तेलुगू, शेजारी उर्दू आणि आठवडी बाजाराला खेड्यांतून येणाऱ्यांची गोंडी. मी इथल्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते, त्यामुळे वर्गात प्रमाण मराठी आणि घरी आल्यावर सासूबाईंशी बोली, असं माझं दोन्ही चालतं.

माझे मोठे दीर हैदराबादला असतात. जाऊबाई पुण्याच्या. त्यांची मुलगी, म्हणजे आमची पुतणी, हैदराबादलाच वाढली आणि तिथेच नोकरी करते. घरात आईची पुणेरी मराठी, बाहेर तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी. मराठी ती छान बोलते, देवनागरी मात्र अक्षरं जुळवत वाचते. स्वतः लिहिताना इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिते. आमच्या घरी तिच्या पिढीतली ती एकटीच मुलगी, त्यामुळे आजीचा तिच्यावर फार जीव.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी तिनं घरच्या ग्रुपवर लिहिलं, की काकू, मी येते आहे, रात्रीच्या बसचं तिकीट मिळालं, एकच दिवस सुट्टी आहे, लगेच परत निघावं लागेल. संक्रांतीला हैदराबादहून निघणाऱ्या बसगाड्यांची काय अवस्था असते ते इकडच्या लोकांना सांगायला नको. तीनशे किलोमीटर रात्रभर बसून यायचं, दिवसभर थांबायचं आणि पुन्हा रात्रभर बसून जायचं. शिवाय जानेवारीतली आदिलाबादची थंडी. नुकतीच ती तापातून उठलेली.

मी तेव्हा तिळाच्या लाडवांसाठी गुळाचा पाक करत होते. पाक पाण्यात टाकून त्याची गोळी होते का हे बघण्याची ती वेळ असते. क्षणभर दुर्लक्ष झालं तर लाडू दगडासारखे होतात. उजव्या हातात झारा, डाव्या हातात फोन. त्या डाव्या अंगठ्यानं मी लिहिलं:

'कायले येऊन राहिली एका दिवसासाठी. सुट्टी नसन त राहू दे.'

थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं, 'ओके काकू.'

मी समजले, ओके म्हणजे 'हो हो, कळली तुमची काळजी, पण मी येणारच'. संक्रांतीच्या पहाटे पाच वाजता माझे यजमान मफलर गुंडाळून बसस्टँडवर गेले. हैदराबादच्या तीन गाड्या आल्या आणि गेल्या. तासाभरानं ते एकटेच परत आले. फोन लावला तर ती उचलेना. शेवटी नऊच्या सुमारास जाऊबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज जरा वेगळाच होता. म्हणाल्या, "तिनं तिकीट रद्द केलं गं. तूच लिहिलंस ना, येऊ नको म्हणून?"

सासूबाई तेव्हा ओसरीवर उन्हात बसल्या होत्या. समोर ताटात बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडकी आणि तिच्या नावाचा वेगळा काढून ठेवलेला तिळगुळाचा डबा. त्या काहीच बोलल्या नाहीत. डबा झाकून आत ठेवला.

आता माझं ते वाक्य पुन्हा वाचा. आमच्याकडे कोणी पाहुणा मिठाईचा पुडा घेऊन आला की आपण म्हणतो, "अहो, कशाला आणलंत एवढं?" हा प्रश्न असतो का? पाहुणा काय त्याचं कारण सांगत बसतो का? नाही. तो हसतो, कारण 'कशाला' म्हणताना आपला हात पुड्यासाठी पुढे आलेला असतो, चेहरा खुललेला असतो आणि 'कशा-ला' मधला स्वर लांबवून आपण खाली उतरवलेला असतो. त्या 'कशाला'चा अर्थ 'तुम्ही माझ्यासाठी एवढा त्रास घेतलात' असा होतो. तेच शब्द घट्ट, तुटक आवाजात म्हटले, तर मात्र तो खरोखरच जाब असतो. शब्द तेच, पण अर्थ ठरवणारा हात, चेहरा आणि स्वर कागदावर उतरत नाहीत. फोनच्या पडद्यावर तर नाहीच नाही.

'राहू दे'चंही तसंच आहे. 'तू त्रास घेऊ नकोस' असं सांगायलाही आपण 'राहू दे' म्हणतो आणि 'नको तुझी मदत' असं झिडकारायलाही 'राहू दे'च म्हणतो.

इथपर्यंत माझ्याही लक्षात आलं होतं. पण खरी गोम 'येऊन राहिली' मध्ये होती आणि ती मला कितीतरी दिवसांनी कळली. ते पुढे सांगते.

त्या दिवशी दुपारी मी खुलासा केला. म्हणजे मला तो खुलासा वाटत होता. घरच्या ग्रुपवरच लिहिलं, 'मी रागावले नव्हते. तू उगाच गैरसमज करून घेतलास.' आणि शेवटी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. तिचं उत्तर आलं, 'मी पण नाही रागावले. सोडा ना काकू.' त्यानंतर आठ दिवस ती ग्रुपवर एक अक्षर बोलली नाही. सकाळचं नेहमीचं 'गुड मॉर्निंग आजी'सुद्धा बंद.

या खुलाशात काय चुकलं ते आता मला स्पष्ट दिसतं. पहिलं म्हणजे मी तो चारचौघांत केला. ग्रुपवर तिचे आईवडील, दोन आत्या, चुलतभाऊ, सगळे. त्यामुळे तिला मनातलं काही बोलायची सोयच राहिली नाही, 'सोडा ना' म्हणण्यावाचून. दुसरं, मी तिच्यावरच ठपका ठेवला. 'तू गैरसमज करून घेतलास' म्हणजे चूक वाचणारीची, लिहिणारीची नाही. त्यात 'उगाच' घालून आणखी तिखट केलं. तिसरं ते जोडलेले हात. माझ्या वयाच्या बायका ते चित्र नमस्कार म्हणून, नम्रतेनं टाकतात. पण मराठीत 'हात जोडले तुझ्यापुढे' याचा अर्थ काय होतो? 'आता पुरे कर बाई' असा होतो. तिनं तोच घेतला. मी ज्या चित्रानं मऊ करायला गेले, त्यानंच ते आणखी टोचलं.

आणि चौथी गोष्ट, जी माझ्या शाळेतल्या मुलींनी मला समजावली. माझ्या प्रत्येक वाक्यापुढे पूर्णविराम होता. आम्हाला शाळेत पूर्णविराम राहिला की गुण कापले जायचे, तेव्हा तो हातात बसलेला. नव्या पिढीसाठी एक ओळ पाठवली की ती आपोआप संपतेच, मग टिंब कशाला? म्हणून मुद्दाम दिलेलं टिंब त्यांना दार आपटल्यासारखं वाटतं. मला आधी ही थट्टा वाटली. पण अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी कॉलेजच्या मुलांवर हेच तपासून पाहिलं होतं. आमंत्रणाला मोबाइलवर आलेलं एका शब्दाचं उत्तर पूर्णविरामासह दाखवलं, तर ते मुलांना कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हातानं चिठ्ठीवर लिहिलेलं दाखवलं, तेव्हा हा फरक दिसला नाही. म्हणजे दोष टिंबाचा नाही, ते कुठे बसलं आहे त्याचा आहे.

गंमत म्हणजे मराठीत ही विरामचिन्हं मुळात नव्हतीच. मोडीत लिहिलेलं जुनं पत्र पाहिलं तर ओळ सलग चाललेली असते, शब्द तोडलेले नसतात, टिंब नाही, प्रश्नचिन्ह नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून ही चिन्हं मराठीत आली. त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मग तोपर्यंत पत्र वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचा सूर कसा कळायचा?

मी मुलांना पत्रलेखन शिकवते, तेव्हा याचं उत्तर माझ्याच पाठात होतं. मायना! 'तीर्थरूप काकूंना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष' असं आधी लिहायचं आणि मग मुद्द्यावर यायचं. वडीलधाऱ्यांनी 'चिरंजीव अमुक हीस अनेक उत्तम आशीर्वाद' लिहायचं. शेवटी 'लोभ असावा'. मुलं विचारतात, बाई, हे पाठ कशाला करायचं, प्रत्येक पत्रात तेच तर असतं. तेच असतं म्हणूनच तर उपयोग. पत्र उघडल्या उघडल्या वाचणाऱ्याला कळायचं, की लिहिणाऱ्याचं नातं जागच्या जागी आहे. मग मधल्या मजकुरात 'पैसे अजून पोचले नाहीत' असं कोरडं वाक्य आलं तरी ते आशीर्वादाच्या आणि लोभाच्या मध्ये बसलेलं असायचं. आपण फोनवर मायना टाकून दिला आणि मधलं कोरडं वाक्य तेवढं ठेवलं.

बोलीतही आपल्याकडे मायन्याचं काम करणारे छोटे शब्द आहेत. 'बस' म्हटलं की आज्ञा झाली. 'बस ना' म्हटलं की आर्जव आलं. 'बस की' मध्ये 'एवढं काय लाजतेस' असा आग्रह आहे. 'बस गं' मध्ये जवळीक आहे. 'बस हं' म्हणजे मी आलेच, तोवर थांब. शब्दकोशात 'ना', 'की', 'गं', 'हं' यांना स्वतंत्र असा फारसा अर्थ नाही, पण मराठीतली अर्धी माया त्यांच्यात साठवलेली आहे. आमच्या बोलीत बायकामुलींना 'वं' म्हणतात. 'कायले येऊन राहिली वं माय' असं मी समोरासमोर बोलले असते. 'वं' आणि 'माय' हे दोन शब्द लिहायला मला फार तर तीन सेकंद लागले असते. पाक पुढे जाईल म्हणून मी तेच दोन गाळले. घाईत माणूस आधी तेच गाळतो, कारण निरोप त्यांच्यावाचूनही पोचतो. सूर तेवढा मागे राहतो.

हे छोटे शब्द सगळीकडे मऊच करतात असंही नाही. 'बघ हं' ही धमकी होऊ शकते. 'येतेस ना' मध्ये आर्जवापेक्षा धाकच असू शकतो. आणि त्यांचा सूर प्रांताप्रांतात बदलतो. नागपूरकडे मित्राला 'काय बे' म्हणतात, ते पुण्यात म्हटलं तर भांडण होईल. आमच्या आदिलाबादेत तर दोन भाषा शेजारी शेजारी राहतात. तेलुगूत आदरानं 'या, बसा' म्हणताना जो 'या' म्हणतात, तो नवख्या मराठी कानाला चक्क शिवीसारखा ऐकू येतो. मी नवी नवरी असताना किराणा दुकानदारानं मला त्या शब्दानं बोलावलं आणि मी रडतच घरी आले. सासरे पोट धरून हसले. म्हणाले, "त्यानं तुले मान देल्ला, बाई." आज तो शब्द रोज ऐकते, दचकत नाही. कारण आता शब्दाबरोबर दुकानदाराचा हसरा चेहराही मला माहीत आहे.

आठ दिवसांनी सासूबाई मला म्हणाल्या, "तू लिवून लिवून काय समजावतं तिले? कागद थोडीच बोलते. माणूस बोलते. फोन लाव." मी म्हटलं, ती उचलत नाही. त्या म्हणाल्या, "मंग विचारून लाव."

ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी तिला एकटीला, ग्रुपच्या बाहेर लिहिलं: 'अगं, संक्रांतीला मी जे लिहिलं ते फार तुटक झालं गं. तुझा प्रवास वाचावा एवढंच मनात होतं. तू आली असतीस तर मला खूप आवडलं असतं. तुला वेळ असेल तेव्हा फोन करू का?' या वेळी एकही टिंब खोडलं नाही, मला ते जमणार नाही. पण 'अगं' आणि 'गं' विसरले नाही. 'तू चुकीचं वाचलंस' असं कुठे म्हटलं नाही. काय म्हणायचं होतं ते एका वाक्यात सांगितलं आणि आता काय हवं ते विचारलं. रात्री साडेनऊला तिचाच फोन आला.

मला आधी माझी बाजू मांडायची फार घाई झाली होती. पण मी स्वतःला आवरलं आणि म्हटलं, "मला एक सांग. माझं ते वाक्य तुला जसं ऐकू आलं, तसंच वाचून दाखव ना."

ती जरा थांबली आणि तिनं वाचलं. "कायले येऊन राहिली, एका दिवसासाठी." मी चरकले. तिनं ते अगदी सपाट, थंड आवाजात वाचलं होतं. माझेच शब्द दुसऱ्याच कुणा बाईच्या तोंडून ऐकल्यासारखे वाटले. मग तिनं विचारलं, "काकू, दिवाळीला मी पंधरा दिवस राहिले, त्याचा तुम्हाला एवढा त्रास झाला होता का?"

मला काही कळेचना. दिवाळीचा इथे काय संबंध? मग उलगडा झाला. आमच्या बोलीत 'येऊन राहिली' म्हणजे 'येते आहेस', आत्ताचं. 'जेवून राहिलो' म्हणजे जेवतो आहे, 'पाऊस पडून राहिला' म्हणजे पाऊस पडतो आहे. पण तिच्या आईच्या मराठीत 'येऊन राहिली' म्हणजे आली आणि मुक्काम केला. तिनं वाचलं ते असं: 'कशाला येऊन राहिली होतीस? सुट्टी नसेल तर नको येऊस.' दिवाळीला ती खोलीचं दार लावून लॅपटॉपवर काम करत पंधरा दिवस आमच्याकडे राहिली होती. तिच्या मनात तेव्हापासून होतंच, की आपली काकूंना अडचण झाली असेल का. त्या शंकेत माझं वाक्य अचूक जाऊन बसलं.

मग मी तेच वाक्य माझ्या आवाजात म्हटलं, 'वं माय' लावून, जसं पाकाच्या कढईजवळून हाक मारून म्हटलं असतं तसं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "असं होतं होय ते."

मला इथे थांबता आलं असतं. पण तिनं सरळ प्रश्न विचारला होता, दिवाळीत त्रास झाला का म्हणून. 'छे, मुळीच नाही' म्हटलं असतं तर तिला ते खोटं वाटलं असतं, कारण ते थोडं खोटंच होतं. मी म्हटलं, "तुझ्या मीटिंग चालू असताना मिक्सर लावायचा नाही, टीव्ही लावायचा नाही, याचा दोन-तीनदा वैताग आला होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू परत गेलीस त्या दिवशी मी आणि आजी संध्याकाळी जेवलो नाही धड. आणि संक्रांतीच्या त्या वाक्यात यातलं काहीसुद्धा नव्हतं." ती म्हणाली, "मिक्सर लावायचा होतात ना काकू, मी हेडफोन लावला असता."

हे फोनवर पंधरा मिनिटांत मिटलं. लिहून पंधरा दिवसांत मिटलं नसतं.

नंतर कुतूहलानं मी या विषयावर थोडं वाचलं. 2005 साली जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही वाक्यं कधी मनापासून, कधी उपरोधानं, दुसऱ्याला पाठवायची. काही जणांनी ती बोलून पाठवली, काहींनी ईमेलनं लिहून. पाठवणाऱ्यांचा अंदाज दोन्ही बाबतींत सारखाच होता, की शंभरातल्या साधारण 78 वेळा समोरच्याला आपला सूर बरोबर कळेल. बोललेल्या वाक्यांत तो 73 वेळा कळला, म्हणजे अंदाज फारसा चुकला नाही. लिहिलेल्या वाक्यांत मात्र फक्त 56 वेळा. नाणं उडवून ठरवलं असतं तरी पन्नास वेळा बरोबर आलं असतं! याचं कारण त्यांनी सांगितलं ते मला लगेच पटलं. लिहिताना आपला आवाज आपल्या डोक्यात वाजत असतो, म्हणून तो कागदावरही आहे असं आपल्याला वाटतं. वाचणाराही तितक्याच खात्रीनं वाचतो, फक्त त्याच्या डोक्यात दुसरा आवाज वाजत असतो. माझ्या डोक्यात मी 'वं माय' म्हटलेलंच होतं. म्हणून ते लिहायचं राहिलं हे मला दिसलं नाही.

तुम्हा तरुण मंडळींना यातून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. घरातल्या मोठ्या माणसाचा निरोप टोचला, तर तो एकदा त्याच माणसाच्या आवाजात मोठ्यानं वाचून पाहा. तो माणूस आजवर तुमच्याशी तसा वागला आहे का, ते आठवा. वागला नसेल, तर तो बहुतेक घाईत होता, चष्मा शोधत होता किंवा गॅससमोर उभा होता. तरीही बसलं नाही तर सरळ विचारा, 'काकू, रागावलात का?' पुतणीनं हे तीन शब्द लिहिले असते तर माझे यजमान त्या पहाटे थंडीत कुडकुडले नसते. 'ओके' लिहिलंत, तर नक्की काय ओके तेही लिहा. येते की येत नाही, हे त्या दोन अक्षरांतून आम्हाला कळत नाही.

अर्थात दर वेळी लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो असं नाही. काही माणसं मुद्दाम टोचून लिहितात आणि विचारलं की 'मी तर सहज म्हटलं' म्हणून हात झटकतात. ओळखायचं कसं? ज्याचा हेतू चांगला होता, त्याला तुम्हाला लागलं हे कळल्यावर वाईट वाटतं आणि तो पुढच्या वेळी शब्द बदलतो. दुसरा तुम्हालाच हळवे ठरवतो. माझा पहिला खुलासा या दुसऱ्या माणसासारखा झाला होता, हे मला कबूल केलं पाहिजे. हेतू चांगला असूनही झाला होता.

तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो, ही आपल्या जुन्या लोकांनी केलेली चांगली सोय आहे. गेल्या आठवड्यात पुतणीचा निरोप आला. या वेळी तिनं मुद्दाम देवनागरीत लिहिला होता, एक वेलांटी चुकवून: 'काकू, शनिवारी येऊ का? दोन दीवस आहेत.'

मी हातातलं काम बाजूला ठेवलं, चष्मा लावला आणि दोन्ही हातांनी लिहिलं, 'ये वं माय. कायले विचारून राहिली?'

शनिवारी पहाटे यजमान पुन्हा मफलर गुंडाळून बसस्टँडवर गेले. सासूबाईंनी आदल्या रात्रीच डबा बाहेर काढून ठेवला होता. लाडू थोडे कडक झाले होते, पण तिनं आजीसमोर बसून तीन खाल्ले.